दरपत्रक: पानात टाइप केलेलं की शीटमधून येणारं?

उत्पादक गटाच्या वेबसाइटवर दर दाखवायच्या दोन रीती आहेत. एक, दर थेट पानात टाइप करायचे. दुसरी, गूगल शीटमध्ये लिहायचे आणि पानाने ते तिथून ओढायचे.

टाइप केलेलं पान कमकुवत नेटवरही पटकन उघडतं. पण दर बदलायला पासवर्डवाला माणूस लागतो. तो बाहेर असला की जुना दर तसाच राहतो आणि खरेदीदार त्याच भावाने माल मागतो. हळद, डाळ असा दर महिन्यातून एकदाच बदलणारा माल असेल तर हीच रीत बरी.

भाजीपाल्याला मात्र शीटच हवी. File → Share → Publish to web मध्ये फक्त दरांचा टॅब निवडून CSV, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, घ्या. सगळी शीट प्रकाशित केलीत तर शेजारच्या टॅबमधला खरेदीभावही उघडा पडतो! बदल पानावर यायला काही मिनिटं लागतात. दर 1,200 असा लिहिला की CSV मध्ये तो `"1,200"` होतो. स्वल्पविरामावर ओळ तोडणारा साधा कोड त्याचे दोन तुकडे करतो आणि पानावर दर `"1` असा दिसतो. म्हणून 1200 लिहा, एकक वेगळ्या रकान्यात.

चौकशी फॉर्ममध्ये मालाची यादी त्याच शीटमधून भरा आणि त्या वेळी दिसत असलेला दर तारखेसह चौकशीसोबत साठवा. दोन दिवसांनी ‘मला तर वेगळा दर दिसला होता’ असा फोन आला, की हीच नोंद कामी येते.