२० अँपिअरच्या हीटरला ट्रायक लावायचा की एसएसआर? हीटसिंकच्या बाजूने पाहिले तर

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमधला ट्रे ड्रायर डोळ्यांसमोर धरू. स्टारमध्ये जोडलेले ४.५ किलोवॅटचे तीन हीटर, म्हणजे २३० व्होल्टला प्रत्येक फेजवर सुमारे २० अँपिअर. कंट्रोलर पीआयडी आहे, म्हणजे हवे ते तापमान जवळ आले की तो हीटर थोडा-थोडा वेळच चालवतो, पण सकाळी थंड ड्रायर तापेपर्यंत तास-दीड तास हीटर सलग चालूच राहतो. त्यामुळे हीटसिंक सरासरीवर काढून चालत नाही, पूर्ण चालू धरूनच काढावा लागतो. हीटर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचसाठी पर्याय दोन आहेत. ४० अँपिअरचा बीटीए४१ जातीचा ट्रायक आपल्याच बोर्डवर लावायचा, किंवा ४० अँपिअरचा चौकोनी एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, स्क्रूने बसवायचा.

४० हा आकडा दोघांवरही छापलेला असतो आणि दोघांच्याही बाबतीत तो हीटसिंकवर अवलंबून असतो. बीटीए४१ चे ४० अँपिअर हे त्याची पाठ ८० अंशांवर राखली तर. तापमान वाढेल तसा करंट किती कमी करायचा हे दाखवणारा, एसएसआरच्या कागदावरचा डिरेटिंगचा आलेखही विशिष्ट हीटसिंक आणि भोवतालचे तापमान धरून काढलेला असतो. नुसत्या पत्र्यावर बसवलेल्या ४० अँपिअरच्या एसएसआरकडून मी १० अँपिअरची अपेक्षाही ठेवणार नाही. सतत चालणाऱ्या हीटरला छापील आकड्याच्या निम्मे, हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर बसतो. म्हणून २० साठी ४० चा.

आता उष्णता. बीटीए४१ वर २० अँपिअरला सुमारे १९ वॅट खर्च होतात. एसएसआरला अँपिअरमागे १.२ वॅट धरले तर २४. तिन्ही फेजचे मिळून ७० वॅट बंद पॅनेलमध्ये सोडले, तर ६०० बाय ४०० च्या पॅनेलची आतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंश सहज वर जाते. एप्रिल-मे महिन्यात ड्रायरशेजारी ४५ अंश असतातच. म्हणून काहीही निवडा, पण पॅनेलच्या मागे खिडकी कापून हीटसिंकचे पंख बाहेर आणि उभे ठेवा. शेजारी हळद दळत असतील तर पंखांतले अंतर ८-१० मिमी असू द्या. हळदीची बारीक पूड दाट पंखांत अडकून बसते आणि मग हीटसिंक नुसता अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा उरतो.

एसएसआरचा हिशेब सोपा आहे. त्याची पाठ ८० अंशांच्या आत ठेवायची आणि बाहेर ४५, म्हणजे ३५ अंशांची जागा. २४ वॅटने भागले की १.४६ येतात. मध्ये लावायच्या थर्मल पेस्टचा ०.१ वजा करून हीटसिंक १.३ अंश प्रति वॅटचा घ्यायचा. साधारण १०० ते १२५ मिमी रुंद, १०० मिमी लांब आणि ४० मिमी उंच पंखांचा तुकडा त्याच्या आसपास बसतो. ट्रायकला आपण आतल्या चिपच्या जंक्शनपर्यंत हिशेब करू शकतो. त्याची कमाल मर्यादा १२५ अंश आहे, आपण ११० धरू. ६५ भागिले १९ म्हणजे जवळपास ३.४. त्यातून जंक्शन ते पाठ हे ०.९ आणि चांगल्या पेस्टचे ०.२ वजा केले की हीटसिंक २.२ चाही चालतो. कागदावर ट्रायक जिंकतो: वॅट कमी, हीटसिंक लहान आणि ट्रायक स्वतःही स्वस्त.

माझे मत फिरले ते पेस्टमुळे. टॉप-३ पॅकेजच्या ट्रायकची हीटसिंकला टेकणारी पाठ जेमतेम ३ चौरस सेंटिमीटर असते, एसएसआरची २६. समजा, घाईत पेस्ट जाड लागली आणि ०.२ मिमीचा थर राहिला. एसएसआरखाली तो थर ०.१ अंश प्रति वॅटचा अडथळा करतो, म्हणजे अडीच अंशांचा फरक. ट्रायकखाली तोच थर ०.८ चा होतो, म्हणजे १५ अंश. जंक्शन ११० ओलांडून ११९ वर जाते. त्यात रात्री शेतीपंप बंद झाल्यावर व्होल्टेज २५० ला गेले की करंट २१ च्या पुढे सरकतो, ट्रायकवर २१ वॅट पडतात आणि जंक्शन १२७ होते. मर्यादा ओलांडली. चूक फक्त पेस्ट थापणाऱ्या हाताची. शिवाय या पॅकेजला एकच स्क्रू असतो. तो जास्त आवळला की दुसरी बाजू किंचित उचलली जाते आणि चिप नेमकी त्याच बाजूला असते. सपाट क्लिपने चिपच्या डोक्यावर दाब दिला तर हे टळते, पण ती क्लिप रात्री दहाला बदलीसाठी आलेल्या वायरमनजवळ असेलच असे नाही.

त्या वायरमनने दुकानातून बीटीएऐवजी बीटीबी आणला तर गोष्ट आणखी वाईट. एका अक्षराचा फरक आहे, पण बीटीबीची धातूची पाठ आतून मेनशी जोडलेली असते. पॅनेलबाहेर काढलेला हीटसिंक जिवंत होतो, किंवा अर्थिंग असेल तर स्विच मारताच फ्यूज उडतो. एसएसआरची पाठ कारखान्यातूनच इन्सुलेटेड येते, बदलायला चार तारा आणि दोन स्क्रू.

ट्रायकलाही एसएसआरएवढाच १.३ चा हीटसिंक दिला, तर जाड पेस्ट आणि २५० व्होल्ट धरूनही जंक्शन ११० च्या आत राहते. मग ट्रायकही बिनधास्त चालेल, फक्त लहान हीटसिंकचा फायदा गेला. एकाच नमुन्याची पन्नास यंत्रे बनवणाऱ्याला, जिथे ट्रायक एकाच माणसाच्या हातून क्लिपने बसतो, किंवा ८-९ अँपिअरच्या हीटरला मी ट्रायकला नाही म्हणणार नाही. २० अँपिअर बोर्डच्या पट्टीवरून नेताना मात्र त्या पट्टीवर तांब्याची तार सोल्डर करावी लागते, तो व्याप वेगळा.

एसएसआरचीही एक खोड आहे. टर्मिनलचा स्क्रू सैल राहिला तर तिथेच उष्णता होते, प्लास्टिक काळे पडते आणि दोष एसएसआरवर जातो. ४ चौरस मिमीच्या तारेला क्रिंप केलेला लग लावा आणि आठवड्याने स्क्रू पुन्हा आवळा. एसएसआरच्या कडेला, हीटसिंकवर थर्मोकपल चिकटवून तासाभराने आकडा पाहा. बाहेर ४५ असताना तो ७५ च्या आत असेल तर उन्हाळा निघतो; बाहेर जितके अंश कमी, तितका हा आकडाही कमी हवा.

हीटसिंक कमी पडतोय हे दोघेही एकाच तऱ्हेने सांगतात. कंट्रोलरचा आउटपुट दिवा विझलेला, तरी क्लॅम्प मीटरवर पूर्ण करंट. मेन बंद करून अर्ध्या तासाने चालू केले की सगळे ठीक. तापलेले जंक्शन बंदच होत नसते, पुढची पायरी कायमचे शॉर्ट. बंद असताना दिसणारे दोन-चार मिलिअँपिअर मात्र स्नबर या संरक्षक सर्किटचे असतात, त्यांना घाबरू नका, पण तेवढ्यावरही झटका बसतो. म्हणून हीटरला हात लावण्याआधी मेन बंद करा. आणि शॉर्ट झालेल्या एसएसआरला कंट्रोलर थांबवू शकत नाही, तेव्हा त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर ठेवा आणि त्याची कॉइल ड्रायरमधल्या स्वतंत्र थर्मोस्टॅटमधून न्या. थर्मोस्टॅट चालू तापमानाच्या १५ अंश वर लावलेला पुरतो.