थंडीत बंद पडणारा रिफर्बिश्ड फोन आणि बायकोचा नवाकोरा अकरा हजारी: सहा-सात महिन्यांनंतरचा हिशोब

आधीच सांगतो, कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव लिहिणार नाही. नाव आलं की सगळे त्यावरच भांडत बसतात आणि पैशांचा मुद्दा बाजूला राहतो.

जून २०२४ मध्ये आमच्या घरात दोन फोन आले. मी तेरा हजार दोनशेला रिफर्बिश्ड घेतला. मॉडेल २०२२ च्या जानेवारीत आलेलं, नवं असताना चाळीस हजारांच्या पुढचं. बायकोला दुसऱ्याने वापरलेला फोन नकोच होता, त्यामुळे तिने अकरा हजारांचा नवा घेतला. स्पेक्स सगळ्यांना माहीत असतात, ते सोडून देतो. पावसाळाभर माझी कॉलर ताठ होती. कॅमेरा, स्क्रीन, वेग, कशातच तिचा फोन जवळपास येत नव्हता. तेव्हा लिहिलं असतं तर चार ओळींत पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

मग डिसेंबर आला. नाशिकची थंडी नाशिककरांना सांगायला नको, पहाटे पारा दहाच्या खाली जातो. गंगापूर रोडला सकाळी मिसळ खाल्ली, पैसे द्यायला स्कॅनर उघडला, बॅटरी २८ टक्के, आणि फोन बंद. पैसे बायकोच्या फोनवरून गेले, त्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. घरी येऊन चार्जरला लावला तर चालू होताच २६ टक्के! म्हणजे चार्ज संपलेला नव्हताच. थंड सकाळी, तीसच्या खाली बॅटरी असताना कॅमेरा किंवा मॅप उघडला की हेच होऊ लागलं. दुपारी उन्हात तोच फोन पाच टक्क्यांपर्यंत निमूट चालायचा.

आता जरा बॅटरीपुराण, कारण सगळा खेळ इथेच आहे. बॅटरी जुनी झाली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तिच्यात मावणारा चार्ज कमी होतो. विकणारे 'बॅटरी हेल्थ' म्हणून जो टक्का दाखवतात तो हा. दुसरी गोष्ट कुणी दाखवत नाही: तिचा आतला रोध वाढतो. कॅमेरा किंवा फ्लॅश चालू झाला की फोन एकदम जास्त करंट ओढतो, आणि रोध जास्त असेल तर त्या क्षणी व्होल्टेज धपकन खाली येतं. ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून दुपारी ठणठणीत आणि सकाळी गार. बॅटरी अर्धी-पाऊण भरलेली असेल तर व्होल्टेज मुळातच वर असतं, त्यामुळे तेव्हा हा दोष लपून राहतो. दुकानात फोन दाखवताना तो भरपूर चार्ज करून का ठेवलेला असतो, ते यावरून कळेल.

वॉरंटी सहा महिन्यांची होती आणि संपायला आली होती. तडक घेऊन गेलो. तिथल्या मुलाने अ‍ॅप लावून बघितलं.

"सर, हेल्थ ८२ आहे. ८० च्या खाली आली तरच बदलून मिळते."

"अरे, पण फोन बंद पडतोय त्याचं काय?"

"इथे तर पडत नाहीये, सर."

कसा पडेल? दुपारचे दोन, दुकान उबदार, बॅटरी सत्तर टक्के. मी म्हटलं, उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर गोदाकाठी ये. त्याला दुकान अकराला उघडायचं होतं. हुज्जत बरीच घातली, कॉल सेंटरलाही तेच ८२ ऐकून घेतलं. वॉरंटीच्या कागदावर क्षमतेचा आकडा होता, अचानक बंद पडण्याबद्दल अक्षर नव्हतं. तुम्ही घेणार असाल तर ती ओळ आधी वाचा. 'ए ग्रेड', 'सुपर्ब' वगैरे शिक्के बहुतेक वेळा काचेवरच्या ओरखड्यांबद्दल असतात, पोटातल्या बॅटरीबद्दल नाही.

एम. जी. रोडला नऊशेत बॅटरी मिळत होती, 'ओरिजिनल' स्टिकरसकट. स्वभावाप्रमाणे हात खिशाकडे गेला होता, पण नऊशेवाल्या बॅटरीवर मूळ बॅटरीपेक्षाही जास्त एमएएच छापलेले बघून मागे घेतला. तेवढ्याच जागेत जास्त कुठून मावणार? शेवटी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तेवीसशे मोजले. मागची काच गरम करून काढतात आणि नवा चिकटपट्टा लावून बसवतात. पाण्यापासून संरक्षणाची हमी त्यानंतर देत नाही म्हणाले. रिफर्बिश्ड फोन आधीही कधीतरी उघडलेला असू शकतो, त्यामुळे खोक्यावरच्या आयपी ६८ वर मी तसाही विसंबून नव्हतो. पावसात पिशवी जिंदाबाद.

बॅटरी बदलली आणि जानेवारीच्या गारठ्यात फोन चार टक्क्यांवरही चालला. रागाने एक स्टार द्यायला बसलो होतो, तो बेत तिथे रद्द झाला.

आता रुपये. तेरा हजार दोनशे आणि तेवीसशे, मिळून साडेपंधरा हजार. माझ्या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट पाच वर्षं, पण ती मोजायची मॉडेल बाजारात आल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२७ पर्यंत. जून २०२४ पासून धरले तर साधारण एकतीस महिने, महिन्याला पाचशे. बायकोचं मॉडेल २०२४ च्या सुरुवातीचं, अपडेट तीन वर्षं, म्हणजे तेही तिथेच संपतं. तिचा महिना पडतो साडेतीनशेला. स्वस्त म्हणून घेतलेला फोन दीडशेने महाग! ही बेरीज तिनेच केली, मी नाही.

मग त्या दीडशेत मिळतं काय? कॅमेरा सोडा, खरा फरक स्टोरेजचा आहे. तिच्या फोनमध्ये ईएमएमसी आहे, माझ्यात यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते, यूएफएस दोन्ही एकदम करते. त्यामुळे तिच्या फोनमध्ये मागे अ‍ॅप अपडेट होत असले की पुढे सगळं गोठतं. भाजीवाली पिशवी धरून उभी आणि स्कॅनर उघडायला तयार नाही, हे आता नेहमीचंच. स्टोरेज भरत आलं तसं हे वाढलंय. रॅम कितीही लिहिलेली असो, नवा बजेट फोन घेताना ही एक गोष्ट बघाच.

रिफर्बिश्ड घ्यायचा असेल तर माझी पद्धत आता ही. सांगितलेल्या किमतीत बॅटरीचे दोन-अडीच हजार पहिल्याच दिवशी मिळवायचे. मॉडेल आल्याचा महिना बघून अपडेटची दोन वर्षं तरी शिल्लक आहेत का मोजायचं. नसतील तर फोन कितीही चकचकीत असो, सोडायचा. पैसे देण्याआधी `*#06#` लावून आयएमईआय घ्यायचा आणि `KYM` लिहून एक जागा सोडून तो नंबर 14422 वर पाठवायचा, चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर कळतं. आणि बॅटरी पंचवीसच्या आसपास असतानाच फोन हातात मागायचा. फ्लॅश लावून व्हिडिओ काढायचा. हे नाशकात करायचं तर डिसेंबरच्या सकाळसारखा मुहूर्त नाही, पण दुकानं तेव्हा बंद असतात.

वडिलांना या महिन्यात फोन घ्यायचाय. त्यांना कॉल, व्हॉट्सअ‍ॅप आणि बातम्या एवढंच लागतं, आणि वॉरंटीसाठी दुकानदाराशी हुज्जत घालणं त्यांना जमणार नाही. त्यांच्यासाठी नवाच बघतोय, फक्त यूएफएसवाला. साडेबारापर्यंत मिळतोय असं दिसतंय, बाराला देणारा कुणी शोधतोय.