गावच्या घराचं रेखाचित्र: कौलांनी दमवलं, शाईने दगा दिला (आठ महिन्यांनंतरचा अनुभव)

परवा दादाकडे गेले आणि हॉलमधल्या चित्रासमोर थबकलेच. त्याच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी दिलेलं, गुहागरच्या आमच्या घराचं रेखाचित्र. चिऱ्याच्या भिंतीला मी वरून दिलेला तांबूस रंग उडून पिवळट झाला होता आणि काळ्या रेषा विटक्या तपकिरी. दादा म्हणाला, "अगं, आता जुनं दिसतंय, छानच की." मला अजिबात छान वाटलं नाही. त्या चित्रामागे माझे तीन रविवार गेले होते.

चित्र फुकटच्या GIMP मध्ये केलं होतं. पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल: फोटो Desaturate करायचा, त्या थराची प्रत काढायची, प्रत Invert करायची, मोड Dodge ठेवायचा आणि प्रतीवर Gaussian Blur द्यायचा. यात प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या आजूबाजूच्या सरासरीशी होते. आसपासच्या इतकाच उजेड असेल तर पांढरं, त्याहून काळोखं असेल तर रेष. त्यामुळे सगळी मदार Blur च्या आकड्यावर. माझ्या चार हजार पिक्सेल रुंद फोटोला ३ दिला तर रेषा केसासारख्या तुटक आल्या, ४० दिला तर चित्र पुन्हा करड्या फोटोसारखं दिसायला लागलं. शेवटी १२ वर थांबले.

आणि इथेच कौलांनी दमवलं. घराला मंगलोरी कौलं आहेत, वरची बरीचशी शेवाळलेली. प्रत्येक कौलाची कड, प्रत्येक डाग, प्रत्येक सावली रेष होऊन आली आणि छप्पर म्हणजे काळं जाळं झालं. खालची पडवी, तुळशीवृंदावन, ओटीवरचा झोपाळा कुणाच्या नजरेतच येईना. तेव्हा माझं मत होतं की ही पद्धत कौलारू घराला निरुपयोगी आहे. दुसऱ्या रविवारी ते बदललं. हाताने काढणारा माणूस सगळी कौलं काढत बसत नाही, हे लक्षात आलं. तो पागोळ्या पडतात ती खालची कड आणि वरचे कोने नीट काढतो, मध्ये दोन-तीन ठिकाणी पाच-सात कौलांचे पुंजके, बाकी कागद कोरा. मग मी छप्पराला लेअर मास्क लावला आणि मऊ ब्रशने मधला भाग झाकत गेले. घर एकदम उघडलं! एवढ्या एका कामासाठी सहा तास गेले, पण चित्र जमलं ते तिथेच.

फोटोबद्दल दोन गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं. ढगाळ दिवशी फोटो काढा, कारण भिंतीवर पडलेली माडाची सावलीही रेष होऊन येते. आणि विजेच्या तारा आधी पुसा. उजळ आभाळावरची बारीक काळी तार घराच्या कुठल्याही कडेपेक्षा ठसठशीत उमटते. फोटो चुलतभावाने पाठवला होता. व्हॉट्सॲपवरचा पहिला जेमतेम १६०० पिक्सेलचा आला, म्हणून त्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठव रे" असं सांगून मूळ फाइल पुन्हा मागवली. आत्याने मात्र चित्र पाहताक्षणी विचारलं, "न्हाणीघराकडचा माड कुठे गेला?" फोटोतच कापला गेला होता. घरात वाढलेल्या माणसाला आधी विचारून मगच फोटो काढायला हवा होता.

आता रंग उडण्याचं. कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या फोटो पेपरवर ए-३ प्रिंट काढली, स्वस्त पडली म्हणून. त्या प्रिंटरमध्ये डाय शाई होती. ती पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते आणि उन्हात लवकर विटते. त्यात चित्र लावलं बाल्कनीसमोरच्या भिंतीवर, दुपारभर ऊन. पिगमेंट शाईत रंगाचे घट्ट कण असतात, ती कितीतरी जास्त टिकते. प्रिंट द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा होता, "शाई पिगमेंट आहे का?" मी विचारला नाही. दुकानदारानेही आपणहून सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. भेट द्यायची आहे, फ्रेम करायची आहे, हे मी त्याला सांगितलं होतं.

नशीब, xcf फाइल थरांसकट जपून ठेवली होती. या वेळी न्हाणीघराकडचा माड जुन्या फोटोवरून वेगळ्या थरावर काढून बसवला आणि दुसरीकडून पिगमेंट शाईत, मॅट कॉटन पेपरवर प्रिंट घेतली. पहिलीच्या तिप्पट पैसे गेले. फ्रेम आणि काच मात्र जुनीच वापरली. चित्र आता देवघराशेजारच्या भिंतीवर आहे, तिथे ऊन पोचत नाही. आत्या पुढच्या महिन्यात येतेय, माड बरोबर जागी आलाय का ते तीच सांगेल.