फायनलला ५० च्या खाली गेलास तर सी च्या वर नाही: कॅपवाली डिव्हिजन घ्यावी की साधी?

ऐरोलीचा माझा भाचा सेकंड इयरला आहे, त्याच्या कॉलेजात स्टॅट्स इलेक्टिव्हला दोन डिव्हिजन आहेत, सिलॅबस एकच पण सर वेगळे. चॉइस फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय, म्हणून पोरगं रविवारी ठाण्याला आमच्याकडे दोन्ही डिव्हिजनचे कोर्स प्लॅन घेऊन आलं, मावशी तू विझिटिंगला शिकवतेस तूच सांग म्हणाला. दोघांनी बसून जे गणित केलं ते इथे टाकतेय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

मार्कांची वाटणी दोन्हीकडे सेम आहे. असाइनमेंट २०, क्विझ १०, मिडसेम ३० आणि फायनल ४०, फायनलचा पेपर १०० चा असतो आणि त्याचे ४० करतात. ७० ला ए, ६० ला बी प्लस, ५५ ला बी, ५० ला सी, ४० ला पी. पहिल्या डिव्हिजनला सरळ बेरीज. दुसरीला एक ओळ जास्तीची आहे, की फायनलला १०० पैकी ५० पेक्षा कमी पडले तर बेरीज काहीही असो, ग्रेड सी च्या वर जाणार नाही.

याला वाटलं ५० च्या खाली म्हणजे नापास. तसं नाहीये. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठाचा ७५-२५ चा पॅटर्न होता, त्यात एक्सटर्नलला ७५ पैकी ३० आणि इंटर्नलला २५ पैकी १० वेगवेगळे आणावे लागायचे, एक हेड गेलं की केटी, दुसऱ्यात कितीही असू देत. ते दार होतं, एकतर आत नाहीतर बाहेर. कॅप म्हणजे छत. छताला फक्त वरून अडवता येतं, खालून उचलता येत नाही, म्हणजे बेरजेने पी येत असेल तर पी च राहतो, सी आपोआप मिळत नाही (हे वाचताना बरेच जण चुकतात).

आता याची केस. मागच्या सेमच्या स्टाइलने धरलं तर असाइनमेंटला १९, क्विझला ९, मिडसेमला २४, म्हणजे फायनलच्या आधीच खिशात ५२. समजा फायनलला ४८ पडले, त्याचे ४० पैकी होतात १९.२, टोटल ७१.२. साध्या डिव्हिजनला हा ए. कॅपवाल्या डिव्हिजनला हाच पोरगा, हेच मार्क, आणि ग्रेड सी. यूजीसीच्या दहाच्या स्केलवर ए चे ८ आणि सी चे ५, तीन पॉइंट गेले, कोर्स ४ क्रेडिटचा आणि सेम २० क्रेडिटचं म्हणजे एसजीपीआय ०.६ ने खाली. तेच फायनलला ५० पडले असते तर टोटल ७२ आणि ग्रेड पुन्हा ए. म्हणजे पेपरातले दोन मार्क, जे टोटलमध्ये एक मार्कसुद्धा नाहीत, ते तीन ग्रेड पॉइंट हलवतात. कॅपमध्ये खरी भीती ही, उतार नाही, एकदम कडा आहे.

मग सर लोक असं का करतात? कारण साध्या बेरजेकडे बघा, खिशात ५२ असलेल्या पोराने फायनलला कोरा पेपर दिला तरी त्याला सी मिळतो, आणि १०० पैकी २० आणले तर ६० होऊन बी प्लस. वर्गात असाइनमेंटची पीडीएफ व्हॉट्सॲपवर रात्री अकराला फिरते आणि सकाळी चाळीस जणांच्या वहीत तीच चूक त्याच जागी असते, हे मी स्वतः तपासलंय. मी एका सेमला कॅप लावून पण बघितली, कॉप्या थांबल्या नाहीत पण कॉपीच्या मार्कांवर बी प्लस निघणं थांबलं. कोऱ्या पेपरवाल्याला मात्र ही कॅपही अडवत नाही, तो ५२ वर सी घेऊन जातोच, त्याला अडवायला जुनं हेडवालं पासिंगच लागतं.

मजा अशी की कॅप आळशी पोराला लागतच नाही. याच्या मित्राचं घ्या, असाइनमेंट अर्ध्याच देतो, खिशात समजा ३२. त्याला बी साठी ५५ हवेत, म्हणजे फायनलचे ४० पैकी २३, पेपरात ५७.५. ५० च्या खाली राहून त्याला तशीही बी मिळणार नव्हती, मग सी च्या वर जाऊ न देणारा नियम त्याचं काय घेणार? हिशोब करून बघितला तर या कोर्सला सीमा ३५ वर येते. फायनलच्या आधी खिशात ३५ किंवा कमी असतील तर दोन्ही डिव्हिजन सारख्याच, सरांचं शिकवणं बघून घ्या. ३५ च्या वर जितके जास्त तितकं कॅपमध्ये गमावण्यासारखं जास्त. म्हणजे वर्षभर मन लावून काम करणारा आणि तीन तासाच्या पेपरला गडबडणारा, नेमका माझा भाचा, यात सगळ्यात जास्त सापडतो.

तो म्हणाला मावशी मला फायनलला साठ पडतातच. बरं, पण साठ हा सरासरी आकडा झाला, कधी सत्तर कधी पन्नास असं दहाएक मार्कांनी तुझं वरखाली होत असेल तर साधारण सहा पेपरांत एकदा तू ५० च्या खाली जाणार, आणि त्या दिवशी ताप असेल किंवा ट्रान्स हार्बर बंद पडली असेल तर वेगळंच. साध्या डिव्हिजनला असा वाईट दिवस तुला चार मार्कांना पडतो, इथे तीन पॉइंटना.

तरी मी लगेच साधी घे म्हटलं नाही, कारण कॅपवाल्या डिव्हिजनचे सर शिकवतात छान असं सगळे सांगतात, आणि नियम वाचताना एक गोष्ट प्लॅनमध्ये लिहिलेलीच नव्हती: ५० हे कच्चे मार्क की स्केलिंगनंतरचे? पेपर कठीण निघाला, वर्गाची सरासरी ४५ आली आणि सरांनी सगळ्यांना आठ-आठ मार्क वाढवले, तर ४८ वाला ५६ होतो. ५० वाढवलेल्या मार्कांवर बघणार असतील तर तो सुटला, कच्च्यावर बघणार असतील तर अर्धा वर्ग सी वर अडकणार. काही ठिकाणी आकडा फिक्स नसतो, वर्गाच्या सरासरीच्या इतके खाली असं असतं, ते पेपर कठीण निघाला तर बरं पण सोप्या पेपरला महाग. दुसरा प्रश्न ४९.५ चा, राउंड करून ५० धरतात का? आणि फोटोकॉपी काढून रीव्हॅल्युएशन मिळतं का, कारण एरवी दोन मार्कांसाठी कोणी फी भरत नाही पण इथे दोन मार्कांची किंमत तीन पॉइंट आहे.

सोमवारी त्याने सरांना मेल टाकला, तिन्ही प्रश्न विचारले. उत्तर संध्याकाळीच आलं, छान सरळ होतं: मार्क कच्चे बघणार, राउंडिंग नाही, रीव्हॅल्युएशन आहे. त्याने साधी डिव्हिजन भरली. मित्राने कॅपवाली, आणि आता दोघांचं ठरलंय की मित्राच्या नोट्सची झेरॉक्स याच्याकडे येणार.