दुहाती बॅकहँड: उजव्या हाताने ओढावा की डाव्या हाताने ढकलावा?

टेनिसमध्ये डाव्या बाजूला आलेला चेंडू दोन्ही हातांनी मारताना उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यापुढे दोन पद्धती असतात. पहिलीत उजवा हात रॅकेट ओढतो आणि डावा केवळ आधार देतो. दुसरीत उजवा हात मुठीच्या टोकाशी सैल राहतो आणि त्याच्या वर धरलेला डावा हात, डावखुऱ्याच्या फोरहँडप्रमाणे, रॅकेट चेंडूमागून ढकलतो.

ओढण्याच्या पद्धतीत लांबचा चेंडू गाठणे थोडे सोपे वाटते, परंतु कंबर बहुधा जागीच अडकते, रॅकेट उशिरा येते आणि चेंडू डाव्या रेषेबाहेर जातो. ढकलताना मात्र डावा नितंब आधी जाळीकडे वळतो व हात त्यामागून येतात, त्यामुळे पुढच्या पायाच्या किंचित पुढे, कंबरेच्या उंचीवर चेंडू गाठणे सहज जमते. पुढचा उजवा पाय फार आडवा टाकल्यास हे वळणच अडते, हे विशेष जपावे.

माझ्या मते नवशिक्याने दुसरीच पद्धत निवडावी. पडताळणीसाठी फक्त डाव्या हाताने, रॅकेट मुठीच्या वरच्या भागात धरून, हळू टाकलेले दहा चेंडू मारावेत: ते सतत डावीकडे जात असतील, तर चेंडू शरीराच्या फार जवळ किंवा मागे येऊन लागत आहे असे समजावे आणि कंबरेचे वळण थोडे आधी सुरू करावे.