बेळगावात बसून कोल्हापूर-पुण्याचं काम: साधं बिल पुरे की जीएसटी नंबर काढायचा?

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी या पट्ट्यात घरी बसून अनुवाद, डिझाइन किंवा वेबसाइटचं काम करणाऱ्यांचे निम्मे ग्राहक सीमेपलीकडचे असतात. त्यामुळे पहिलं बिल करायची वेळ आली की कोणीतरी हमखास सांगतं, "दुसऱ्या राज्यात बिल द्यायचं म्हणजे जीएसटी नंबर लागतोच." हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी अनेक जण गरज नसताना नंबर काढून बसतात.

या समजाला आधार आहे. जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार परराज्यात करपात्र विक्री करणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे. मात्र १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने सेवा देणाऱ्यांना यातून सूट दिली. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा शेजारच्या गल्लीत द्या नाहीतर पुण्याला, नोंदणी सक्तीची नाही. मालाला ही सूट सरसकट नाही. म्हणजे बेळगावचा कुंदा कोल्हापूरच्या दुकानाला विकणाऱ्याला पहिल्या डब्यापासून नंबर लागतो, पण त्याच कुंद्याच्या डब्याचं डिझाइन कोल्हापूरला पाठवणाऱ्याला लागत नाही. दुकानदार मित्र "चाळीस लाखांपर्यंत काही नाही" म्हणतो, ती मर्यादा निव्वळ मालाची आहे. आपली वीसच.

आता हे वीस लाख मोजायचे कसे? घोटाळा इथेच होतो. मोजायची ती बिलांची रक्कम, बँकेत जमा झालेली नव्हे. समजा तुम्ही महिन्याला १,८०,००० रुपयांची बिलं करता आणि कंपन्या १० टक्के टीडीएस कापून पैसे पाठवतात. बँकेत वर्षाला १९,४४,००० दिसतात, म्हणून तुम्ही निर्धास्त. बिलांची बेरीज मात्र २१,६०,००० आहे आणि मार्चमध्येच तुम्ही रेषा ओलांडलेली आहे. शिवाय ही उलाढाल पॅनवर मोजली जाते. तुमच्या नावावरच्या गाळ्याचं भाडं त्यात धरलं जातं, राहायला दिलेल्या खोलीचं करमुक्त भाडंही धरलं जातं, आणि परदेशी ग्राहकाचं कामही. पगार धरला जात नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या होत्या. तेव्हा घरच्यांचे, मित्रांचे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात घेणाऱ्याला कोणता पैसा कशाचा हे सांगताना घाम फुटतो. धंद्याचं खातं वेगळं ठेवा.

वीसच्या आत असाल तर दोन वाटा उरतात: नंबर न काढता साधं बिल देणं, किंवा स्वखुशीने नंबर काढून टॅक्स इन्व्हॉइस देणं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक असा दिसतो:

| बिलावर काय | नंबर नसताना | नंबर असताना |
|---|---|---|
| शीर्षक | बिल किंवा इन्व्हॉइस | टॅक्स इन्व्हॉइस |
| तुमची ओळख | नाव, पत्ता, पॅन | नाव, पत्ता, जीएसटी नंबर |
| ग्राहक | नाव, पत्ता | नाव, पत्ता, त्याचा जीएसटी नंबर |
| क्रमांक व तारीख | सलग क्रमांक ठेवावा | सलग, वर्षात न दुहेरणारा, १६ अक्षरांच्या आत |
| काम | वर्णन, कालावधी, रक्कम | तेच, शिवाय सेवेच्या प्रकाराचा सॅक कोड |
| पुरवठ्याचं ठिकाण | लागत नाही | परराज्यात असेल तर राज्याच्या नावासह |
| कर | एक रुपयाही नाही | करपात्र रक्कम, दर आणि कर वेगवेगळे |
| रिव्हर्स चार्ज, म्हणजे कर ग्राहकाने थेट सरकारला भरायचा का | लागत नाही | आहे की नाही ते लिहायचं |
| सही | असावी | हवीच, डिजिटल चालते |

डावीकडच्या रकान्यातल्या बिलाला जीएसटी कायद्याने नमुना ठरवून दिलेला नाही. म्हणून लोक ते व्हॉट्सअॅपवर एका ओळीत पाठवतात आणि मग कंपनीच्या अकाउंट्स विभागात ते अडकून राहतं. पॅन नसेल तर टीडीएस जास्त दराने कापला जातो. "डिझाइनचे काम – २५,०००" एवढंच लिहिलं तर नेमकं कोणतं काम, कोणी सांगितलं, हे विचारणारा मेल येतो आणि पंधरवडा जातो. त्याऐवजी "जून महिन्याचं उत्पादन माहितीपत्रक, कन्नड ते मराठी, ८,२०० शब्द, ऑर्डर मेल दिनांक अमुक" असं लिहा. खाली बँकेचा तपशील, पैसे द्यायची मुदत आणि "जीएसटी नोंदणी नाही, कर आकारलेला नाही" ही ओळ. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून तो नंबरही छापा. सूक्ष्म उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत पैसे देणं ग्राहकावर बंधनकारक आहे. बिलावरच्या त्या नंबरामुळे ही मुदत ग्राहकाच्या अकाउंटंटच्या डोळ्यांसमोर राहते.

एक गोष्ट मात्र करू नका. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात १८ टक्क्यांची ओळ आधीच असते, आणि बिल जरा भारदस्त दिसावं म्हणून ती काही जण तशीच ठेवतात. नंबर नसताना कर गोळा करायला कायद्याने मनाई आहे. गोळा केला तर तो सगळा सरकारला भरावा लागतो, आणि वर दंड दहा हजार किंवा कराएवढा, यातला जो मोठा तो.

उजवीकडच्या रकान्यात आपल्या भागातल्यांची फजिती होते ती पुरवठ्याच्या ठिकाणावर. ग्राहक नोंदणीकृत असेल तर आपल्या बहुतेक सेवांसाठी ठिकाण म्हणजे त्याच्या नोंदणीचं राज्य. अंतराचा काही संबंध नाही. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या शिनोळीतला कारखाना चंदगड तालुक्यातला, म्हणजे महाराष्ट्रातला. त्याला परराज्याचा कर, म्हणजे आयजीएसटी १८ टक्के. पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूच्या कंपनीला मात्र केंद्राचा सीजीएसटी ९ आणि राज्याचा एसजीएसटी ९. ओळखायची खूण सोपी आहे: ग्राहकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र. पुण्याच्या कंपनीची बेळगावात नोंदणीकृत शाखा असेल आणि काम त्या शाखेने दिलं असेल तर तो २९ चा ग्राहक. चुकीचा कर भरला तर बरोबर कर पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण मधल्या काळात पैसा अडकतो.

याच कारणाने कोल्हापूरच्या मामाच्या पत्त्यावर नंबर काढायचा सल्ला ऐकू नका. काम तुम्ही निपाणीत बसून करता, तर धंद्याची जागा निपाणीच आणि नोंदणी कर्नाटकातच. घर भाड्याचं किंवा वडिलांच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र आणि हेस्कॉमचं वीजबिल चालतं. पोर्टलवर अर्जाला फी नाही.

आता हिशेब करू. निपाणीची एक अनुवादक धरा. पुण्याची कंपनी तिला महिन्याला ५०,००० देते, कोल्हापूरची २०,०००, आणि निपाणीतले एक क्लासवाले १०,०००. वर्षाचे ९,६०,०००. नंबर काढला तर पुणे आणि कोल्हापूर दोघंही वर १८ टक्के देतील आणि तेवढंच क्रेडिट घेतील, म्हणजे ती रक्कम स्वतःच्या करातून वजा करतील, त्यांना जड जाणार नाही. अडचण क्लासवाल्यांची. त्यांच्याकडे नंबर नाही, म्हणून त्यांना तो खर्चच. ते ११,८०० द्यायला तयार नसतील आणि दहा हजारांतच कर बसवावा लागला, तर तिच्या हातात ८,४७५ उरतात. वर्षाला साधारण १८,३०० ची खोट.

दुसऱ्या बाजूला तिने त्या वर्षी ७०,००० अधिक जीएसटीचा लॅपटॉप घेतला तर १२,६०० क्रेडिट मिळेल, आणि २४,००० च्या सॉफ्टवेअरवर ४,३२०. मिळून १६,९२०. म्हणजे लॅपटॉपच्या वर्षीही ती थोडी तोट्यातच, सीएची फी वेगळी. पुढच्या वर्षी लॅपटॉप नाही, मग तोटा वाढणार. शिवाय काम असो नसो, रिटर्न भरायचंच. तिमाही योजनेत विक्रीचा तपशील देणारं जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आणि कर भरायचं ३बी कर्नाटकासाठी २२ पर्यंत. शून्य रिटर्न उशिरा भरलं तरी दिवसाला २० रुपये लेट फी आहे, कर देणं असेल तर ५०.

माझं मत विचाराल तर तिने थांबावं. पुण्याच्या कंपनीने "नंबर असेल तरच व्हेंडर म्हणून घेऊ" असं सांगितलं तर गोष्ट वेगळी. तसं म्हणणाऱ्या कंपन्या आहेत. कायदा त्यांच्यावर ती सक्ती करत नाही, पण त्यांची पद्धत असते, आणि साठ टक्के उत्पन्न तिथून येत असेल तर १८,३०० साठी हटून बसण्यात अर्थ नाही. सगळेच ग्राहक नोंदणीकृत असतील तरी तराजू नंबरच्या बाजूला झुकतो, कारण तेव्हा खोट नाही आणि क्रेडिट मात्र मिळतं.

"मग कंपोझिशन घे, सहाच टक्के" असंही कोणी सुचवतं. उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायची ही सोय सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत आहे खरी, पण परराज्यात सेवा देणाऱ्याला ती मिळत नाही. शिनोळीचं एक बिल केलं तरी वाट बंद. शिवाय तो कर ग्राहकाकडून घेता येत नाही, आपल्या खिशातून जातो. सीमेवरच्या माणसाच्या ती फारशी कामाची नाही.

वीसची रेषा ओलांडली तर मात्र निवड उरत नाही. ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. वेळेत केला तर नोंदणी ओलांडल्या दिवसापासून लागू होते, आणि मधल्या काळात दिलेल्या साध्या बिलांच्या जागी प्रमाणपत्र मिळाल्यापासून महिन्याभरात सुधारित टॅक्स इन्व्हॉइस देता येतात. त्यामुळे पुण्याच्या कंपनीला क्रेडिट मिळतं आणि ती तुम्हाला कर देते. उशीर केला तर नोंदणी प्रमाणपत्राच्या तारखेपासून धरली जाते, पण कराची जबाबदारी ओलांडल्या दिवसापासूनच राहते. त्या मधल्या बिलांचे १८ टक्के मग कोणाकडून मागायचे? बहुतेक वेळा ते पदरचेच जातात. म्हणून दर महिन्याअखेर एप्रिलपासूनच्या बिलांची बेरीज मांडत चला, आणि ती १७-१८ लाखांवर आली की सीएकडे जा.