फ्लेल चेस्ट: नुसता ब्लॉक की प्लेट?

समजा ६८ वर्षांचे काका, डाव्या बाजूच्या ४ ते ७ नंबरच्या बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्यात, श्वास घेताना छातीचा तेवढा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत जातोय, हाच फ्लेल चेस्ट. आता दोन रस्ते.

पहिला म्हणजे ब्लॉक, बारीक नळीतून बधिर करणारं औषध सोडून दुखणं थांबवणं: मणक्यात एपिड्युरल किंवा पाठीच्या स्नायूंखाली इरेक्टर स्पायनी ब्लॉकचा कॅथेटर, सोबत पॅरासिटामॉल आणि दर तासाला स्पायरोमीटरवर खोल श्वास ओढणं. माझ्या मते सुरुवात इथूनच, कारण दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, कफ साठतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि मग न्यूमोनिया. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर एपिड्युरल नको, त्याने बीपीपण पडतं. आणि एक बघा, पडून दुखत नाही म्हणजे ब्लॉक चाललाय असं नाही, खोकायला सांगा. आज स्पायरोमीटरवर १२०० मिली ओढणारे काका उद्या ७०० वर आले, श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला, तर गाडी घसरतेय, भले ऑक्सिजन ९५ दिसू दे.

दुसरा रस्ता प्लेट, म्हणजे ऑपरेशन करून मोडलेल्या बरगड्या धातूच्या पट्टीने जोडणं. असा फ्लेल असेल, बरगड्या खूप सरकल्या असतील किंवा चांगला ब्लॉक देऊनही श्वास खालावत असेल तर ऑपरेशनचा विचार, आणि शक्यतो पहिल्या ७२ तासांत, नंतर सूज आणि कॅलस म्हणजे नव्याने धरणाऱ्या हाडामुळे तुकडे जुळवणं अवघड जातं. पण प्लेट हाड धरते, फुफ्फुसाला बसलेला मार नाही, त्यामुळे व्हेंटिलेटर मुख्यतः त्या मारामुळेच लागला असेल तर फायदा कमी. या काकांना मी आजच ब्लॉक देईन आणि सर्जनलाही आजच बोलावेन.